मार्टिन रामिरेझच्या चित्राखाली काय लिहू? ('आउटसायडर' या शब्दाबद्दल)

मृण्मयी_सांगली

नमस्कार मंडळी. मी चित्रकलेचे वर्ग घेते. इंटरमिजिएटला बसणारी मुलं आणि त्यांच्याहून मोठी चार-पाच जणं, असा गट आहे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एका चित्रकाराची आठ-दहा चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवते आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळी लिहिते. या वेळी मार्टिन रामिरेझ घेतलाय. मला तो फार आवडतो. त्याच्या समांतर रेषा बघत बसलं की नांगरलेलं शेत, रुळांखालचे स्लीपर आणि देवळाच्या पायऱ्या एकाच हाताने काढल्यासारख्या वाटतात.

इंटरनेटवर जिथे तिथे एकसारखंच सापडलं, त्यावरून मी असं लिहिलं:

"मार्टिन रामिरेझ (१८९५–१९६३). मेक्सिकन आउटसायडर कलाकार. स्किझोफ्रेनियाचा मूक रुग्ण. कलेचं कुठलंही शिक्षण नाही."

काल एका मुलीने वाचून विचारलं, "मॅडम, आउटसायडर म्हणजे कशाच्या बाहेरचा?" मी म्हटलं, कलेच्या जगाच्या. ती म्हणाली, "पण मग हे कलेचं जग कोणाचं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आता ही ओळच मला टोचायला लागली आहे. शनिवारपर्यंत ती बदलायची आहे. या शब्दाला मराठीत काही चांगलं आहे का, आणि मुळात तो वापरावा का?

---

रोहित_८७

सोपं आहे. ज्याने आर्ट स्कूलमध्ये शिक्षण घेतलं नाही तो आउटसायडर. मूळ कल्पना फ्रेंच चित्रकार द्युब्युफेची, तो त्याला 'आर ब्रूत' म्हणजे कच्ची कला म्हणायचा. मनोरुग्णांनी काढलेली चित्रं त्याने गोळा केली होती. इंग्रजीत त्याचंच आउटसायडर आर्ट झालं. मराठीत 'स्वयंशिक्षित' लिहा, विषय संपला.

---

जयंत_जुनी_चित्रं

रोहित, द्युब्युफेचं बरोबर आहे. १९४५ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला, तिथल्या मनोरुग्णालयांतली चित्रं पाहिली आणि संग्रह सुरू केला. इंग्रजी शब्द १९७२ चा. रॉजर कार्डिनल यांच्या पुस्तकाचं ते नाव होतं. त्यांना स्वतःला 'आर ब्रूत'च हवं होतं, पण इंग्रजी वाचकाला कळेल असं काहीतरी प्रकाशकाला हवं होतं. इतका वाद ज्या शब्दावर चालतो तो पुस्तक खपावं म्हणून आलाय, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण 'आर्ट स्कूलमध्ये शिकला नाही तो आउटसायडर' हे मात्र चालणार नाही. फ्रान्सिस बेकन आर्ट स्कूलमध्ये शिकलेला नव्हता. त्याला कोणी आउटसायडर म्हणतं का? नाही, कारण लंडनमध्ये त्याच्या ओळखी होत्या, गॅलरी होती, मुलाखती होत्या. म्हणजे शिक्षण ही कसोटीच नाही. चित्रकार आपल्या चित्रांबद्दल स्वतः बोलू शकतो की त्याच्या वतीने दुसरं कोणी बोलतं, यावर हा शिक्का ठरतो. हे मी बरीच वर्षं जुनी चित्रं हाताळल्यावर म्हणतोय.

द्युब्युफेच्या हयातीतच याची एक गंमतीशीर नव्हे, तर त्रासदायक साक्ष आहे. गास्तों शेसाक नावाच्या चित्रकाराला त्याने आधी आपल्या संग्रहात घेतलं. पुढे शेसाकचा लेखक-चित्रकारांशी पत्रव्यवहार आहे, त्याला त्या जगाची माहिती आहे, हे खुपायला लागलं आणि त्याला मुख्य संग्रहातून काढून जोड-संग्रहात टाकलं. चित्रं तीच, माणूस तोच. त्याला काय काय माहीत आहे एवढ्यावरून त्याची खोली बदलली.

मृण्मयीताई, रामिरेझवर सवडीने लिहितो. तुमच्या ओळीतले जवळजवळ सगळेच शब्द तपासायला हवेत.

---

सचिन_डहाणू

धागा वाचला. आमच्याकडे हेच झालंय. जिव्या सोमा मशे आमच्या भागातले, गंजाडचे. १९८९ ला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं, २०११ ला पद्मश्री मिळाली. तरीही अजून लोक 'आदिवासी कलाकार' म्हणतात, नुसतं कलाकार म्हणत नाहीत. आम्ही पण आउटसायडरच की. तुमच्या मुलांना रामिरेझऐवजी मशे दाखवा, घरचं माणूस आहे.

---

जयंत_जुनी_चित्रं

सचिनभाऊ, मशे दाखवायलाच हवेत. पण हा प्रश्न थोडा वेगळा आहे. वारली चित्राला परंपरा आहे. लग्नाचा चौक काय, कोणी लिहायचा, पालघट देवी कुठे बसते, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणलं आणि लग्नाच्या बाहेर नेलं. त्यांच्यावर अन्याय असा झाला की परंपरेचं नाव इतकं मोठं केलं की माणूस दिसेना. रामिरेझच्या बाबतीत उलटं झालं. त्याच्यामागे काही परंपरा आहे हेच कोणी मानलं नाही. सगळं त्याच्या आजारातून आलं असं धरलं.

---

सचिन_डहाणू

हे पटलं. म्हणजे आमच्याकडे माणूस गायब आणि त्याच्याकडे गाव गायब. पण दोन्हीकडे ठरवणारा बाहेरून आलेलाच, हे माझं म्हणणं कायम आहे.

---

जयंत_जुनी_चित्रं

ते कायम ठेवा, बरोबर आहे.

आता रामिरेझ. जरा लांब होईल.

मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात, लोस आल्तोस म्हणजे डोंगराळ भागात त्याचा जन्म झाला. घोडे पाळणारे, बंदूक बाळगणारे, कडवे कॅथलिक शेतकरी अशी या भागाची ओळख. तो स्वतः चांगला घोडेस्वार होता. १९१८ ला लग्न झालं, मुली झाल्या, कर्ज काढून थोडी जमीन घेतली. ते कर्ज फेडण्यासाठी १९२५ मध्ये बायको गरोदर असताना तो कॅलिफोर्नियाला गेला आणि रेल्वेवर आणि खाणींत मजुरी करू लागला. म्हणजे आपल्याकडचा मुंबईच्या गिरणीत गेलेला कोकणातला माणूस डोळ्यांसमोर आणा.

१९२६ ते १९२९ तिकडे क्रिस्तेरो बंड झालं. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला चर्चवाले शेतकरी. त्याचा भाग त्यात होरपळला. घरून आलेल्या एका पत्रावरून बायको सरकारी फौजेच्या बाजूला गेली असा त्याचा समज झाला. तो समज खोटा होता. पण परत जायचं नाही हे त्याने ठरवून टाकलं. मग मंदी आली, मजुरी गेली, मेक्सिकन मजुरांना हाकलून देण्याची मोहीम सुरू झाली, आणि १९३१ च्या जानेवारीत पोलिसांनी त्याला उचलून स्टॉकटनच्या सरकारी मनोरुग्णालयात घातलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. निदान करणारे इंग्रजीत बोलत होते. सुरुवातीला तो काही वेळा पळूनही गेला. पुढे क्षय झाला. १९४८ मध्ये त्याला ऑबर्नच्या डेविट इस्पितळात हलवलं. तिथेच १९६३ ला गेला. एकूण बत्तीस वर्षं.

आता 'मूक' या शब्दाचं बघा. १९५२ मध्ये त्याचा पुतण्या इस्पितळात भेटायला गेला. घरी चला म्हणाला. रामिरेझने नकार दिला आणि निरोप दिला की आता भेट योशाफाटच्या खोऱ्यात, म्हणजे शेवटच्या न्यायाच्या दिवशी. आपल्या माणसाशी आपल्या भाषेत तो इतकं नेमकं बोलतो. ज्यांच्याशी बोलला नाही त्यांना स्पॅनिश येत नव्हतं, आणि त्यांच्याच नोंदींतून 'मूक' हा शब्द पुढे सरकत गेला. ती चूक तुमच्या पडद्यापर्यंत पोचली आहे, म्हणून एवढं लिहिलं.

---

मृण्मयी_सांगली

जयंतकाका, हे वाचून मी 'मूक' लगेच खोडला. पण मग इतकी वर्षं हे कोणी तपासलं कसं नाही?

---

जयंत_जुनी_चित्रं

कारण शिक्क्याने काम सोपं करून ठेवलं होतं. संस्कृतीचा स्पर्श नसलेला माणूस आतून काहीतरी काढतोय, असं एकदा म्हटलं की त्याच्या गावी जाण्याची गरजच उरत नाही. कोणत्याही शिकलेल्या चित्रकाराचं पहिलं काम म्हणून आपण जन्मगाव, गुरू, पाहिलेली चित्रं शोधतो. इथे कोणी शोधलंच नाही. अखेर विक्टर एस्पिनोसा या समाजशास्त्रज्ञाने क्रिस्टिन एस्पिनोसासोबत हालिस्कोत जाऊन नातेवाईक शोधले, चर्चच्या नोंदी काढल्या. ती माहिती २००७ च्या न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियममधल्या प्रदर्शनातून सगळ्यांपुढे आली. म्हणजे मरणानंतर चव्वेचाळीस वर्षांनी.

आणि मग चित्रं वेगळी दिसायला लागली. त्याच्या चित्रांतल्या स्त्रीच्या डोक्यावर मुकुट आहे आणि पायाखाली साप आहे. मनोविश्लेषकांनी त्या सापावर काय काय लिहिलं होतं. त्याच्या गावाकडच्या चर्चमधली निष्कलंक मेरीची मूर्ती तशीच असते, सापावर उभी. आपल्याकडे महिषासुराला पायाखाली घेतलेली देवी काढणाऱ्या मुलाच्या मनात रेड्याबद्दल काय भीती आहे असं विचारण्यासारखं ते झालं.

---

पराग_कॅलिफोर्निया

मी सॅक्रामेंटोजवळ राहतो म्हणून भर घालतो. डेविट मूळचं दुसऱ्या महायुद्धातलं लष्करी इस्पितळ, नंतर राज्याने घेतलं. आता त्या आवारात काउंटीची कार्यालयं आहेत, मी कामानिमित्त दोनदा गेलोय. ऑबर्नमधून सिएरा डोंगर ओलांडणारा जुना लोहमार्ग जातो. मालगाडीची शिट्टी आणि बोगदे हे तिथे रोजचं आहे. त्याच्या चित्रांत एका काळ्या तोंडातून निघून दुसऱ्यात शिरणारी गाडी पाहिली तेव्हा मला त्यात गूढ काही वाटलं नाही, ओळखीचं वाटलं.

---

रोहित_८७

मान्य, व्याख्येत माझी चूक झाली. पण दुसरी बाजू कोणी लिहीत नाहीये. हा शिक्का नसता तर ही चित्रं उरली असती का? इस्पितळात रद्दीवर काढलेली चित्रं. त्यात कोणीतरी 'मनोरुग्णाची कला' म्हणून रस घेतला म्हणूनच ती वाचली ना?

---

जयंत_जुनी_चित्रं

रोहित, हा मुद्दा जड आहे आणि तो टाळता येत नाही. सॅक्रामेंटोच्या महाविद्यालयातले मानसशास्त्र आणि कला शिकवणारे टार्मो पास्टो डेविटमध्ये जायचे. त्यांनी रामिरेझची चित्रं पाहिली, त्याला कागद-रंग दिले, चित्रं जपून ठेवली. त्याआधीची बरीचशी नष्ट झाली, कारण क्षयरोग्याच्या खाटेखालचे कागद कोण ठेवणार? १९५१ मध्ये पास्टोंनी सॅक्रामेंटोच्या क्रॉकर गॅलरीत प्रदर्शनही केलं. पण त्यांचा रस मुख्यतः मन आणि चित्र यांच्या संबंधात होता. १९५५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाला दहा चित्रं पाठवली. ती तिथे कित्येक वर्षं पडून राहिली. म्हणजे शिक्क्याने वाचवलं, पण दारातून आत मात्र नेलं नाही.

१९६८ मध्ये शिकागोचा चित्रकार जिम नट सॅक्रामेंटोत शिकवायला आला. त्याला ही चित्रं पास्टोंकडे दिसली. त्याने ती आजाराचा पुरावा म्हणून पाहिली नाहीत, चित्रं म्हणून पाहिली, आणि गॅलरीवाल्या फिलिस काइंड यांच्यासोबत जवळजवळ सगळी विकत घेतली. तिथून बाजार सुरू झाला. हालिस्कोतल्या घरच्यांना यातलं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. २००७ च्या प्रदर्शनाची बातमी वाचून डेविटमधल्या एका दिवंगत डॉक्टरांच्या कुटुंबाने कळवलं की आमच्या गॅरेजमध्येही आहेत. निघाली एकशे चाळीसच्या आसपास! तेव्हा कुठे वारसांच्या हक्काचा प्रश्न उभा राहिला आणि समझोता झाला. ज्याच्याबद्दल त्याचं कोणी नाही असं धरून चालतो, त्याच्या चित्रांचा मालकही कोणी विचारत नाही.

---

विमल_गोडबोले_नाशिक

बरेच दिवस इथे फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझा धाकटा मामा एका मनोरुग्णालयात अकरा वर्षं होता. तो औषधाच्या कागदांच्या मागे चित्रं काढायचा. बैलगाड्या, आमच्या वाड्याचा जिना, आजीची दगडी उखळ. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या तर बरोबर सतरा भरायच्या, वाड्यात होत्या तेवढ्याच. भेटीला गेलं की तो चार-पाच घडी करून द्यायचा. तो गेल्यावर सामान आणायला गेलो तेव्हा कागद टाकून दिले म्हणाले. आमच्याकडे दोनच उरलेत.

मृण्मयीताई, मला एवढंच सांगायचंय की आजाराचा उल्लेख काढून टाकू नका. तुम्ही सगळे तो काढायच्या दिशेने जाताय असं वाटतंय. आमच्या घरात मामाचा आजार झाकला गेला, आणि त्याबरोबर मामाही झाकला गेला. त्याच्याबद्दल बोलणंच बंद झालं. तो तिथे होता, म्हणून त्याने त्या कागदावर काढलं. ते लिहायला हवं.

---

मृण्मयी_सांगली

विमलताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ते दोन कागद पातळ प्लास्टिकच्या पिशवीत असतील तर कृपया काढून आम्लरहित कागदात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते.

आजाराबद्दल मी खरंच गोंधळले आहे. मुलं 'स्किझोफ्रेनिया' वाचतील तर पुढची सगळी चित्रं त्याच चष्म्यातून बघतील, ही भीती आहे.

---

जयंत_जुनी_चित्रं

विमलताई, तुमचं म्हणणं मला हलवून गेलं. माझं मत तरीही थोडं वेगळं आहे. इस्पितळ लिहावं, निदान लिहू नये. इस्पितळात बत्तीस वर्षं होता, ही घडलेली गोष्ट आहे. निदान ज्या परिस्थितीत झालं ते पाहता मी त्यावर सही करणार नाही. तो आजारी नव्हता असंही मी म्हणत नाही. आणि इस्पितळ चित्रात दिसतं, तेही कागदात.

मृण्मयीताई, तुम्ही चित्र मोठं करणार आहात तर हेच दाखवा. घोडेस्वाराचं कोणतंही चित्र घ्या. लांबून एक सलग पान वाटतं. जवळ गेलात की सांधे दिसतात. तपासणीच्या टेबलावर पसरायचा कागद, लिफाफे, पिशव्या, मासिकाची पानं, जे मिळेल ते चिकटवून त्याने मोठा ताव केला. खळ म्हणून उकडलेला बटाटा किंवा पाव लाळेत मळून घ्यायचा. खडूचा चुरा करून तो काडेपेटीच्या काडीने लावायचा. सरळ रेषेसाठी जीभ दाबायची लाकडी पट्टी वापरायची. आपल्याकडे टी-स्क्वेअर असतो, तिथे ती.

मग रचना बघा. स्वार मधोमध एका चौकटीत आहे, अगदी नाटकाच्या रंगमंचासारख्या. खाली फळ्यांच्या रेषा, दोन्ही बाजूंना खांब, वर झालर. छातीवर काडतुसांचे पट्टे, हातात पिस्तूल, आणि मान बहुतेक वेळा मागे वळलेली. मुलांना विचारा, फळ्यांच्या रेषा कुठे जवळ येतात आणि कुठे लांब जातात. त्या नुसत्या भरायच्या म्हणून भरलेल्या नाहीत. रंगमंचाच्या कडेला त्या दाट होतात आणि खोली तयार होते. हाच माणूस बोगद्यात तोच दाटपणा उलटा वापरतो, कडा मोकळ्या आणि तोंडाशी काळोख. 'आतून आपोआप आलं' म्हणणाऱ्याला हे समजावता येत नाही, कारण हा निर्णय आहे, आणि तो चित्रागणिक बदलतो.

अजून एक, चित्रांना त्याने नावं दिलेली नाहीत. 'घोडेस्वार', 'बोगदा' ही नावं नंतरच्या लोकांनी ओळखीसाठी लावली. ती त्याची म्हणून छापू नका.

---

पराग_कॅलिफोर्निया

२०१५ ला अमेरिकन टपाल खात्याने त्याच्या पाच चित्रांची तिकिटं काढली. माझ्याकडे पाकीट आहे, स्कॅन पाठवतो. इंग्रजी न येणारा, पोलिसांनी उचललेला मजूर आता अमेरिकेच्या पत्रांवर आहे. याला 'आत' म्हणायचं का, मला सांगता येत नाही.

---

सचिन_डहाणू

जयंतकाका, मग नेकचंद कुठे बसतात? चंदीगडचा रॉक गार्डन. रस्ते तपासणारा सरकारी नोकर, फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीच्या तुकड्यांची माणसं केली. परदेशात त्यांना आउटसायडर म्हणतात असं वाचलं. आपल्याकडे पद्मश्री आणि रोज तिकीट काढून जाणारी गर्दी.

---

जयंत_जुनी_चित्रं

अगदी योग्य उदाहरण. तेच काम, तिकडे आउटसायडर, इकडे शहराची शान. पंजाबातल्या एखाद्या आजीला नेकचंद कशाच्या बाहेरचे आहेत हे समजावून बघा. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

---

मृण्मयी_सांगली

नवी ओळ अशी केली आहे:

"मार्टिन रामिरेझ (१८९५–१९६३). हालिस्को, मेक्सिको इथला शेतकरी आणि घोडेस्वार. कॅलिफोर्नियात रेल्वेमजूर. शेवटची बत्तीस वर्षं मनोरुग्णालयात, तिथेच ही चित्रं. शीर्षक नाही. खडू, पेन्सिल, चिकटवलेले कागदाचे तुकडे."

आउटसायडर हा शब्द ओळीत नाही. पण शेवटच्या स्लाइडवर एकटा ठेवलाय, कोणी कधी आणला त्यासह, म्हणजे मुलांना तो पुढे कुठे दिसला तर ओळखता येईल. 'स्वयंशिक्षित' मी घेतला नाही. त्याला कोणी शिकवलं नाही हे खरं, पण चर्चच्या मूर्ती, घोडे आणि रूळ त्याने मन लावून पाहिले होते. तो शब्द ते पुसतो असं वाटलं.

---

जयंत_जुनी_चित्रं

ओळ छान. शेवटची स्लाइड मी काढली असती. शब्द दाखवला की तो चिकटतो.

---

रोहित_८७

मी ठेवली असती. पुढे कुठल्याही संग्रहालयाच्या संकेतस्थळावर शोधायचं तर तोच शब्द टाकावा लागतो.

---

विमल_गोडबोले_नाशिक

'तिथेच ही चित्रं' हे आवडलं. निदान नसलं तरी चालेल, पण ते तीन शब्द काढू नका.

मामाचे कागद आज पिशवीतून काढले. एका कोपऱ्याला बुरशी धरली आहे. जयंतराव, ती कशी काढायची, की तशीच ठेवायची?

---

जयंत_जुनी_चित्रं

घासू नका, ओल्या कापडाने पुसू तर अजिबात नका. दोन्ही कागद वेगवेगळे, सपाट, हवेशीर सावलीत ठेवा, उन्हात नको. बाकीच्या कागदांपासून लांब. पूर्ण कोरडे झाले की मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच, घराबाहेर, नाकावर रुमाल बांधून. कागद ठिसूळ वाटला तर हातच लावू नका. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागे छापलेल्या मजकुरासकट. मागची बाजूही त्याचीच आहे.